तीन लुगडी, दोन ओळी

निवृत्त झाल्यावर दुपारचं काय करायचं, हा प्रश्न मला फार दिवस पडला नाही. नांदेडच्या कॉलेजात मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. घरी बसून जेमतेम वर्ष झालं असेल, तेव्हा लातूरहून माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. ती आता माहितीपट करते. वर्गात मागच्या बाकावर बसून खिडकीबाहेर बघणारी मुलगी होती ती. पुढे कॅमेरा घेऊन खेडोपाडी फिरेल असं तेव्हा वाटलं नव्हतं, पण आता वाटतं की खिडकीबाहेर बघणारीच असं काही करू शकते.

"मॅडम, पिक्चर तयार झालाय," ती म्हणाली. "निजामाच्या शेवटच्या काळात ज्या बायका लहान होत्या, नव्यानं नांदायला आल्या होत्या, त्यांनाच बोलतं केलंय. लढाया, पुढारी काही नाही त्यात. घरातलं, बाजारातलं, शाळेतलं. मराठी सबटायटल्स झालीत. आता बाहेर पाठवायचाय तर इंग्रजी लागून राहिलेत."

"बायका मराठीतच बोलतात ना? मग मराठी सबटायटल्स कशाला?"

"आपल्याला कळतं हो. पण पुण्यातल्या लोकांना दाखवला तर निम्मं समजलं नाही. कोणी दखनी मिसळतं, देगलूरकडच्या आजी मध्येच तेलुगूत जातात. म्हणून खाली साधी मराठी दिली."

तिनं मला दोन गोष्टी पाठवल्या. एक मराठी सबटायटल्सची फाईल आणि एक नियमांचं पान. फाईल उघडून बघितली तर मौज वाटली. आधी क्रमांक, खाली वाक्य कधी दिसणार आणि कधी जाणार त्या वेळा, त्याखाली मराठी ओळी. मग एक रिकामी जागा, की पुढचा क्रमांक. मला फक्त मराठी काढून तिथं इंग्रजी लिहायचं होतं. "वेळांना शक्यतो हात लावू नका," असं तिनं बजावलं होतं.

नियमही सोपे वाटले. पडद्यावर एका वेळी दोनच ओळी. एका ओळीत बेचाळीसपेक्षा जास्त अक्षरं नकोत, आणि त्यात मधल्या मोकळ्या जागा, स्वल्पविराम, सगळं मोजायचं. वाचणाऱ्याला एका सेकंदाला सतरापेक्षा जास्त अक्षरं वाचायला लावायची नाहीत. आणि कितीही छोटा शब्द असला तरी तो सेकंदभर तरी पडद्यावर राहिला पाहिजे.

मला वाटलं, आठवड्याचं काम आहे. काम घेतल्यावर पिक्चर मी एकदा लातूरला जाऊन तिच्याबरोबर बघितला होता, आवडलाही होता. तो परत बघायला डाउनलोड करावा तर आमचं इंटरनेट पुरत नव्हतं, म्हणून मी नुसत्या फाईलवरून अनुवाद करत गेले. दुपारी जेवणं झाली की जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडायचा, शेजारी जाड शब्दकोश. तीस वर्षं मुलांना सांगितलं होतं की अनुवादात काही गाळायचं नाही. तेच मी केलं. काही गाळलं नाही. एखादी ओळ बेचाळीसच्या वर गेली की सॉफ्टवेअर ती लाल करायचं, मग मी ती दुसऱ्या ओळीत ढकलायचे. वाचनाचा वेग दाखवणारा आकडा वीस, बावीस झाला की तोही लाल व्हायचा; त्याकडे मी जरा काणाडोळा केला. बावीस म्हणजे काय मोठंसं, असं वाटायचं. मी स्वतः ते वाचत होते तेव्हा सहज वाचलं जात होतं. अर्थात मला पुढं काय आहे ते माहीत होतं.

माझी सून ओडिशाची. बँकेत नोकरीला आहे, बदली होऊन नांदेडला आली आणि माझ्या मुलाशी लग्न करून इथंच राहिली. आम्ही दोघी हिंदीत बोलतो. मराठी तिला भाजीवाल्यापुरती येते. इंग्रजी सबटायटल्स लावलेला पिक्चर पेन ड्राइव्हवर आला, तेव्हा मी तिलाच बोलावलं. मराठी न समजणारं माणूस घरातच होतं, ही माझी मोठी सोय.

रविवारी सकाळी चहा घेऊन ती बसली. मी पिक्चर बघितलाच नाही, तिच्याकडेच बघत होते. तिची नजर पडद्याच्या खालच्या भागात डावीकडून उजवीकडे, डावीकडून उजवीकडे चालली होती, टाइपरायटरसारखी. मध्येच पडदा बदलायचा, ओळी जायच्या, आणि ती चुळबुळ करायची. पिक्चर संपल्यावर तिनं कप खाली ठेवला.

"छान आहे, आई," ती म्हणाली. ती मला आईच म्हणते. "पण एक सांगू? मी सगळं वाचलं. आजींचे चेहरे मात्र बघितलेच नाहीत."

ती पुढं म्हणाली, "आणि त्या अहमदपूरच्या आजी. त्यांचे मामा नाक्यावर नोकरीला होते ना? मग स्वतःच्या मामापासून त्यांना साड्या लपवायची काय गरज होती?"

त्या आजींबद्दल इथं सांगायला हवं. नव्वदी ओलांडलेली बाई, पांढऱ्या केसांचा घट्ट बुचडा, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांचं माहेर बार्शीकडचं, म्हणजे तेव्हाच्या इंग्रजी मुलखातलं. लग्न करून त्या इकडे आल्या, निजामाच्या मुलखात. दोन्हींच्या मध्ये करोडगिरीचा नाका. बाहेरून आणलेल्या मालावर तिथं जकात पडायची, कोऱ्या कापडावरही. नणदेच्या लग्नासाठी माहेरहून नवी लुगडी आणायची होती. तेरा-चौदा वर्षांच्या या मुलीनं ती गाठोड्यात बांधलीच नाहीत, एकावर एक अंगावर नेसली, आणि नाक्यावरच्या शिपायासमोरून चालत गेली. त्या शिपायाला सगळे 'मामू' म्हणायचे. मराठी सबटायटलमध्ये 'मामू' होतं, मी 'अंकल' केलं. माझ्या सुनेला तो सख्खा मामा वाटला, यात तिची काही चूक नव्हती.

"अजून एक," ती म्हणाली. "त्या हसतात ते कशाला? तीन साड्यांची गोष्ट तर आधीच सांगून झालेली असते. मग बराच वेळ थांबतात आणि नंतर हसतात. मला वाटलं, माझं काहीतरी वाचायचं राहिलं."

मी तो भाग पुन्हा लावला. आता मी खालच्या ओळी झाकून आजींकडे बघितलं. मराठीत त्या गोष्टीचे दोन तुकडे होते. पहिल्यात, 'नाक्यावरच्या मामूच्या समोरून'. इथं आजी थांबतात, चष्मा वर ढकलतात, समोरच्याकडे बघतात. दुसऱ्यात, 'तीन लुगडी नेसून गेले मी'. आणि मग ते हसू, सगळं अंग हलवणारं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, तशीच गंमतही शेवटी. मी इंग्रजीच्या वळणानं 'मी तीन साड्या नेसून चालत गेले' हे पहिल्या तुकड्यात टाकलं होतं आणि 'मामूच्या समोरून' दुसऱ्यात. व्याकरण अगदी चोख. पण आजी अजून चष्माच वर ढकलत होत्या आणि मी खाली त्यांची गंमत सांगून टाकली होती.

मला वाईट वाटलं असं नाही म्हणणार. उलट हुरूप आला. इतकी वर्षं मी अनुवाद शिकवला तो कागदावरचा. कागदावर वाचणारा थांबू शकतो, मागं जाऊ शकतो. इथं आजी कोणासाठी थांबणार नव्हत्या.

पुढचे कितीतरी दिवस मी तीच फाईल पहिल्यापासून नव्यानं केली, आणि या वेळी पिक्चर समोर लावून. आधी बाईकडे बघायचं, ती कुठं श्वास घेते, कुठं पदर सावरते. मग मराठी ओळ. मग इंग्रजी. लाल आकडा दिसला की आता मी त्याच्याशी भांडत नव्हते. काय काढता येईल ते बघत होते. आणि काढण्यासारखं पुष्कळ होतं. 'माझ्या आत्याबाईंनी मला आधीच सांगून ठेवलं होतं की' याचं मी आधी केलं होतं ते वडिलांच्या बहिणीसकट दोन भरगच्च ओळींचं वाक्य. आता केलं, 'My aunt had warned me.' वडिलांची बहीण की आईची, त्याचं त्या ठिकाणी काही अडत नव्हतं. 'बरं का', 'म्हणजे काय की', 'तर मग' ही तर बोलण्याची सवय. ती आवाजात ऐकू येतेच, मराठी न कळणाऱ्यालाही. ती खाली छापायची गरज नव्हती.

काही ठिकाणी मात्र इंग्रजीच जास्त मागायची. आपलं 'गेले' एवढं म्हटलं की 'मी' आणि 'बाई' दोन्ही आत येतात. इंग्रजीला 'आय' वेगळा लागतो, 'द' लागतो, 'अ' लागतो. देगलूरच्या आजी 'हाली' म्हणायच्या, म्हणजे निजामाचं नाणं. इंग्रजांच्या कलदार रुपयापेक्षा ते वेगळं होतं हे समजावून सांगायला मी आधी कंस उघडून माहिती भरली होती. तो लाल आकडा तर बघवत नव्हता. शेवटी 'the Nizam's rupee' केलं, तेवढ्यानं भागलं. ज्याला अधिक हवं तो पुस्तक वाचेल.

ओळ कुठं तोडायची तेही शिकले. बेचाळीसला जिथं संपेल तिथं तोडली तर पहिल्या ओळीच्या टोकाला नुसता 'द' लटकत राहायचा, आणि त्याचं नाम खालच्या ओळीत. डोळा तिथं अडखळतो. आपण बोलताना जिथं थांबलो असतो तिथं तोडायची, मग वरची ओळ वीसच अक्षरांची झाली तरी चालेल. सून सांजच्याला बँकेतून आली की मी तिला पाच-दहा मिनिटांचा तुकडा दाखवायचे. तिची नजर आता खाली जाऊन पटकन वर यायची, आणि वरच राहायची. तेवढं दिसलं की मला दिवसाचं काम झाल्यासारखं वाटायचं.

अहमदपूरच्या आजींचा भाग मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. 'मामू'चा 'guard' केला. पहिल्या तुकड्यात 'Right past the guard at the post', दुसऱ्यात 'I walked, wearing three saris.' दोन्ही दोन-दोन सेकंदांत आरामात बसले, आणि तीन साड्या जिथं यायला हव्यात तिथं, अगदी शेवटी आल्या. सुनेला दाखवलं. या वेळी ती आजींबरोबर हसली.

त्यानंतर लगेच एक छोटा तुकडा होता, जेमतेम सव्वा सेकंदाचा. मराठीत होतं, 'त्याला काही कळलं नाही.' मी लिहिलं होतं, 'He never noticed.' अक्षरं मोजकी, आकडा हिरवा. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

सून म्हणाली, "आई, इथं त्या काहीतरी विचारतायत ना?"

"नाही. शिपायाला कळलं नाही, असं सांगतायत."

"पण आवाज वर जातो त्यांचा. तुम्ही तर पूर्णविराम दिलाय."

तिला मराठी कळत नव्हतं म्हणून तिनं नुसता आवाज ऐकला होता. मी ऐकला नव्हता. मी मराठी ओळ वाचली होती. हेडफोन लावून तेवढंच पुन्हा पुन्हा ऐकलं. आजी म्हणत होत्या, "त्येला कळालं न्हाई," आणि त्याच्या मागोमाग आणखी एक बारका शब्द, पण नेमका तेव्हा बाहेरून ट्रॅक्टरचा हॉर्न वाजलेला. 'हां' असावा. किंवा 'व्हय' असावा. 'कळालं न्हाई, हां' म्हणजे खरंच कळलं नाही. आणि 'कळालं न्हाई व्हय?' म्हणजे त्याला कळलं नसेल असं वाटतं की काय तुम्हाला? एक शब्द, आणि गोष्ट पार उलटी.

मी लातूरला फोन लावला. माझ्या विद्यार्थिनीनं तो तुकडा तिकडे लावून पुन्हा ऐकला.

"मॅडम, पुण्याच्या एडिटरनं लिहून काढलं होतं, मी तपासलं. मला तर नेहमी 'हां'च ऐकू येतं."

"मलाही पक्कं सांगता येईना. म्हणून तर फोन केला."

"पण मॅडम, मराठीतला शो दोनदा झाला इथं. शिपायाला फसवलं, याच्यावर लोक टाळ्या वाजवून राहिले. सगळ्यांना तीच जागा आवडते."

"मग राहू द्यायचं का? मला दिलंय ते मराठीवरून इंग्रजी करायला. तू म्हणशील तर आहे तसं ठेवते."

हे मी मनापासून म्हटलं होतं. पिक्चर तिचा होता. पण तिचा स्वभाव मला माहीत होता. ती म्हणाली, "न्हाई. विचारून येऊ. आजी कुठं लांब आहेत? तुम्ही नांदेडहून निघा, मी लातूरहून निघते. अहमदपूरला स्टँडवर भेटू."

अहमदपूर आम्हा दोघींना सारखंच पडतं. लोह्याच्या पुढं गाडी रिकामी झाली आणि मला खिडकी मिळाली. सोयाबीनची रास झालेली, रानं उघडी पडलेली. स्टँडवर ती माझ्या आधी येऊन उभी होती, हातात आजींसाठी घेतलेली केळी. आजींचं घर तिथून चालत जाण्याजोगं. मुलानं नवं बांधलेलं, पुढं लोखंडी गेट, आत फरशीवर ऊन आलेलं. आजी उन्हात पाय पसरून बसल्या होत्या. मुलगा मार्केट यार्डात गेला होता, आजींच्या सुनेनं आम्हाला पाणी दिलं, चहा ठेवायला गेली.

विद्यार्थिनीनं आजींच्या कानाशी वाकून माझी ओळख करून दिली. "आज्जी, या माझ्या मॅडम. तुमचं बोलणं इंग्रजीत करून राहिल्यात."

"माझं?" आजींनी मला खालपासून वर बघितलं. "आन् मी इंग्रजीत कशी बोलते?"

मी त्यांना वाचून दाखवलं. आधी इंग्रजी, मग त्याचा अर्थ. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. संपलं तेव्हा म्हणाल्या, "येवढंच? म्या तर लई बोलले होते."

"तुम्ही लई बोललात, पण वाचणाऱ्याला वेळ कमी मिळतो, आजी. सगळं लिहिलं तर माणसं वाचतच बसतील. तुमच्याकडे बघणार कधी?"

त्यांनी त्यावर जरा विचार केला. "मग बघू द्या की. तोंड काय रोज दाखवायला मिळतंय व्हय."

तो 'व्हय' ऐकून आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. विद्यार्थिनीनं सरळ विचारलं, "आज्जी, त्या नाक्यावरच्या मामूला लुगड्यांचं कळालं होतं का न्हाई?"

"आगं, कळायला काय आंधळा व्हता?" आजी म्हणाल्या. "येवढीशी पोर मी. आन् अंगावर तीन लुगडी, नऊवारी. धान्याच्या ढोलीसारखी दिसत आसन. वैशाखाचं ऊन. घाम ह्यो आसा गळायलेला. माझा चुलता पुढं गाडीपशी उभा, त्येचा जीव खालीवर. मी आपली खाली मान घालून चालले. तर त्यो मामू बाजेवर बसल्याला, मला म्हणतो, 'क्यों बेटी, भोत सर्दी है क्या?'"

मला आधी हसू आलं आणि मग आलं नाही.

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"काय म्हणणार? हाव म्हणले. थंडी हाय म्हणले." आजी आता हसत नव्हत्या, पण चेहरा प्रसन्न होता. "त्यो म्हणला, 'तो जल्दी घर जा, बेटी.' आन् दुसरीकडं बघाया लागला. त्येलाबी लेकी आसतील. मला ठाऊक न्हाई. पुन्हा काय गाठ पडली न्हाई त्येची. पुढं त्यो नाकाच उठला."

"हे तुम्ही शूटिंगच्या वेळी का नाही सांगितलं?" विद्यार्थिनीनं विचारलं. आवाजात तक्रार नव्हती, आश्चर्य होतं.

"सांगितलं की. त्येला कळालं न्हाई व्हय, आसं म्हणले की मी. तू लगीच दुसरं काहीतर इचारलंस. शाळेचं."

ती मान खाली घालून हसली. खरंच तिनं पुढचा प्रश्न विचारला होता, तो पिक्चरमध्येही ऐकू येतो. परत कॅमेरा आणून हे चित्रित करावं का, असं तिच्या मनात आलं असणार, कारण तिनं फोन काढला आणि मग परत पर्समध्ये ठेवला. पिक्चरचं काम संपलं होतं, आवाजाचं, रंगाचं, सगळं. आणि आजींनी ते आत्ता जसं सांगितलं तसं पुन्हा सांगितलं नसतं. स्टँडकडे परत जाताना ती म्हणाली, "जे आहे त्यातच बसवू मॅडम. त्यांनी सांगितलंय ते एवढंच, आन् तेवढ्यात सगळं आहे. आपणच न्हाई ऐकलं."

मराठी ओळ तिनं तिथंच, रसवंतीच्या बाकावर बसून बदलली. 'त्याला कळलं नसेल होय?' असं केलं. इंग्रजी माझ्याकडे राहिलं. सव्वा सेकंद, म्हणजे फार तर एकवीस अक्षरं. ते वाक्य थोडं लांबवायला हरकत नव्हती, पण त्यानंतर लगेच पडद्यावर शाळेचं जुनं छायाचित्र येतं. तिथं आजींचं वाक्य लोंबकळत राहिलं असतं तर विचित्र दिसलं असतं. गाडीत मी जुन्या तिकिटाच्या मागं लिहून बघितलं. 'Do you think he didn't know?' अर्थ तंतोतंत, पण लांब. 'As if he didn't know!' बसत होतं, पण त्या उद्गारात एक टोमणा ऐकू येत होता, आणि आजींच्या आवाजात टोमणा नव्हता. लोहा आलं तरी मनासारखं जमेना. नांदेड जवळ आल्यावर मी प्रश्नचिन्ह सोडून द्यायचं ठरवलं. प्रश्न मराठीत होता. इंग्रजीत त्याचं उत्तरच देऊन टाकलं. 'Of course he knew.' अठरा अक्षरं. वाचून डोळे वर येतात तेव्हा आजी अजून पडद्यावर असतात, आणि त्यांच्या हसण्यात आधी न दिसलेलं काहीतरी दिसतं. म्हणजे मला दिसतं. मी ते शिपायाचं वाक्य ऐकलेलं आहे.

ज्यांनी ते ऐकलेलं नाही त्यांना दिसेल का, ही धाकधूक होती. हिवाळ्यात लातूरला एका कॉलेजच्या सभागृहात इंग्रजी सबटायटल्ससह पिक्चर दाखवला. माझी सून रजा काढून आली. तिच्या बँकेच्या लातूर शाखेतले परप्रांतातले काही जण आले होते, त्यांच्यात मी बसले. आजी पहिल्या रांगेत, शालीत गुंडाळलेल्या, मुलगा शेजारी. 'तीन साड्या' आल्या तेव्हा सभागृह हसलं, माझ्या शेजारचेही त्याच वेळी हसले. मग ते अठरा अक्षरांचं वाक्य आलं. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. हसणं खाली आलं, आणि माझ्या पलीकडे बसलेला एक तमिळ मुलगा अगदी हळू "ओह" म्हणाला.

विद्यार्थिनी नंतर म्हणाली, "टाळ्या गेल्या मॅडम." पण ती खूश होती. लोक बाहेर पडताना त्या शिपायाबद्दलच बोलत होते. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तिला थांबवून आपल्या गावच्या नाक्यावरचं काहीतरी सांगायला सुरुवात केली, आणि ती या वेळी पुढचा प्रश्न न विचारता उभी राहिली.

तेव्हापासून मी हेच काम करते. फार नसतं, पण असतं. सध्या हदगावकडच्या कापूस वेचणीवरची एक फाईल आहे. वेचणाऱ्या बायका कमरेला लुगड्याची खोळ बांधतात, तिच्यात कापूस टाकत जातात. तिला त्या ओटी म्हणतात. इंग्रजीत काय म्हणावं ते अजून ठरत नाही. त्या तुकड्याला तीन सेकंद आहेत, म्हणजे घाई नाही. दुपारची जेवणं झाली आहेत, टेबल पुसलंय. त्या बाईचे हात किती झपाझप चालतात ते आधी नीट बघून घेते.